किल्ली हरवलेले कपाट

घरातील कपाटांची कुलुपे बाहेरून सारखी भासली, तरी आतील रचनेत मूलभूत अंतर असते. लाकडी वॉर्डरोबला बहुधा कॅम लॉक असते. किल्ली फिरवली की मागील पट्टी पाव फेरा फिरून चौकटीमागे अडकते. दार एकाच ठिकाणी धरलेले असते. पोलादी कपाटाची मूठ फिरवताच मात्र एक दांडी वर, एक खाली आणि एक खिटी बाजूला सरकते, म्हणजे दार तीन ठिकाणी धरले जाते. किल्लीचे काम ही यंत्रणा जागीच रोखून धरणे एवढेच.

हा भेद ध्यानी न घेतल्यास काय होते, हे परिचयातील एका व्यापारी कुटुंबात पाहावयास मिळाले. रंगकामासाठी पोलादी कपाट हलवले, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी ते उघडेना, दागिने आत. घरातील मंडळी पहारीने दार उचकटण्याच्या बेतात होती. तीन ठिकाणी धरलेले दार असे उघडत नाही. पत्रा वाकतो आणि पुढे नवे कुलूपही नीट बसत नाही. किल्लीवाल्याने आधी किल्ली फिरवून पाहिली. ती पूर्ण फिरत होती, मूठ तेवढी अडत होती. अर्थात कुलूप निर्दोष होते. फरशीच्या उतारामुळे कपाट तिरके होऊन दांड्या भोकांत आवळल्या होत्या. पुढच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवताच मूठ फिरली. किल्लीच फिरत नसती, तर दोष कुलुपात वा झिजलेल्या किल्लीत शोधावा लागला असता.

किल्ली हरवली असेल, तर कुलपावर वा जोडकिल्लीवर कोरलेला क्रमांक प्रथम पाहावा. काही उत्पादक त्यावरून किल्ली देतात. अन्यथा कुशल कारागीर कोरी किल्ली आत फिरवून, तिच्यावर उमटलेल्या खुणांनुसार कानस लावून नवी घडवतो. परंतु किल्ली घराबाहेर हरवली असल्यास केवळ दुसरी करून भागू नये. बँकेतही लॉकरची किल्ली हरवल्यास कुलूपच बदलले जाते, आणि तो खर्च ग्राहकाकडून घेतला जातो.

कॅम लॉक बदलणे सोपे. दार उघडे असेल, तर मागील स्क्रू व नट काढताच ते पुढून निघते. बंद असेल, तर सुतार किल्लीच्या भोकातच ड्रिल चालवून कुलूप मोडतो. लाकडाला धक्का लागत नाही. जुने कुलूप दुकानात सोबत न्यावे. नळीची जाडी व लांबी आणि पट्टीची लांबी जुळली पाहिजे. नळी आखूड निघाली तर दाराच्या जाडीतून मागे नट बसत नाही. पोलादी कपाटाचे कुलूप मात्र किल्लीवाल्याकडूनच, आणि दार उघडे ठेवून बदलून घ्यावे. दार लावण्यापूर्वी चार-पाच वेळा किल्ली व मूठ फिरवून पाहावी.

कुलपात खोबरेल तेल घालण्याची आपल्याकडे सवय आहे. ते धुळीशी मिळून चिकट होते; त्याऐवजी ग्राफाइटची पूड घालावी.