आवाजाचा करार, दोन पानांत

आजरा घनसाळ तांदळावर कुणी अठरा मिनिटांचा माहितीपट करतो आहे असं समजा. पैसे त्याचेच, म्हणजे दिग्दर्शकही तोच आणि निर्माताही तोच. निवेदनाची संहिता साधारण चौदाशे शब्दांची. सावकाश वाचली तर बारा-तेरा मिनिटं भरेल. ओळखीतल्या एका व्हॉइस आर्टिस्टशी फोनवर बोलणं होतं, बारा हजारांवर ठरतं आणि दोघंही निर्धास्त होतात. पण बारा हजार नेमके कशाचे, हे कुणीच बोललेलं नसतं.

माझ्या मते कराराची सुरुवात मानधनापासून करूच नये, वापरापासून करावी. आवाजाचं मानधन वाचनाच्या तासांवर कमी आणि तो आवाज कुठे, किती काळ वाजणार यावर जास्त ठरतं. तेव्हा पहिलं कलम असं लिहावं: ‘हे निवेदन फक्त या माहितीपटात व त्याच्या ट्रेलरमध्ये वापरले जाईल. चित्रपट महोत्सव, विनाशुल्क प्रदर्शने आणि दिग्दर्शकाचे यूट्यूब चॅनेल, जगभर, पाच वर्षे. दूरचित्रवाणी, ओटीटी व जाहिरात यांसाठी वेगळी लेखी परवानगी व वेगळे मानधन.’ उद्या एखाद्या तांदूळ व्यापाऱ्याला त्यातली दोन वाक्यं आपल्या जाहिरातीत हवीशी वाटली, तर दिग्दर्शक ती परस्पर देऊ शकत नाही, हे या शेवटच्या वाक्यामुळे स्पष्ट होतं.

‘जगभर’ आणि ‘पाच वर्षे’ हे शब्द गाळू नका. भारतीय कॉपीराइट कायद्यात कलाकाराला त्याच्या सादरीकरणावर स्वतःचे हक्क आहेत. ते लिहून देताना मुदत घातली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश घातला नाही तर फक्त भारत. म्हणजे परदेशातल्या महोत्सवाला फिल्म पाठवणाऱ्या दिग्दर्शकाचीच पंचाईत. उलट, ‘सर्व हक्क, सर्व माध्यमे, कायमस्वरूपी’ अशी एका ओळीची वाक्यं तयार नमुन्यांत सर्रास सापडतात. तेवढं हवंच असेल तर जरूर मागावं, पण मग त्याची किंमत बारा हजार नसते.

मानधनाचं कलम त्यानंतर पटकन उरकतं. निम्मी रक्कम रेकॉर्डिंगच्या दिवशी, उरलेली पंधरा दिवसांत. ‘फिल्म प्रदर्शित झाल्यावर’ असं मात्र लिहू नये, कारण प्रदर्शन कलाकाराच्या हातात नसतं. स्टुडिओचं भाडं कुणी द्यायचं आणि टीडीएस कापायचा असल्यास बारा हजार ही कापण्याआधीची रक्कम की नंतरची, तेही लिहावं.

खरी वादावादी होते ती दुरुस्त्यांवरून. ‘दोन रिटेक मोफत’ असं लिहून भागत नाही, कारण रिटेक कशामुळे, हा प्रश्न उरतोच. त्याची कारणं तीन. कलाकाराने शब्द चुकवला किंवा गाळला, तर दुरुस्ती फुकट, कितीही वेळा. शब्द तेच पण दिग्दर्शकाला सूर वेगळा हवा असेल, तर रेकॉर्डिंगनंतर दहा दिवसांत एक फेरी फुकट. संहिताच बदलली, तर पैसे. शंभर शब्दांपर्यंतच्या पॅचला दोन हजार, त्यापुढे शब्दांच्या प्रमाणात, असा काहीतरी दर आधीच ठरवावा.

पण चूक कुणाची, हे ठरवायचं कसं? त्यासाठी अंतिम संहिता तारखेसह कराराला जोडायची आणि तिच्या प्रत्येक पानावर दोघांनी सह्या करायच्या. सोबत उच्चारांची यादी: गावांची नावं, शेतकऱ्यांची आडनावं, भाताच्या स्थानिक जाती. ती दिग्दर्शकाने द्यायची. यादीत नसलेलं नाव चुकलं तर तो कलाकाराचा दोष नाही. आणखी एक बारकावा असा की दोन महिन्यांनी केलेला पॅच मूळ आवाजात बसत नाही. माइक बदललेला असतो, खोली वेगळी असते, कधी नुसती सर्दीही पुरते. म्हणून पॅच त्याच स्टुडिओत, त्याच माइकवर, आणि भाडं बदल मागणाऱ्याकडे, असं लिहावं.

श्रेयाबद्दल ‘योग्य श्रेय दिले जाईल’ हे वाक्य निरुपयोगी आहे. नाव कसं लिहायचं, मराठी आणि इंग्रजी स्पेलिंगसह; कुठे, म्हणजे शेवटच्या श्रेयनामावलीत स्वतंत्र ओळीवर, ‘निवेदन’ या शब्दापुढे; आणि यूट्यूबच्या वर्णनातही, हे लिहा. कलाकार म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क कायदा देतो. पण चित्रपटातलं काम किरकोळ असेल आणि धंद्याच्या रिवाजानुसार त्याला श्रेय दिलं जात नसेल, तर अशा माणसाला कायदा बहुतेक बाबतींत ‘कलाकार’च मानत नाही. त्यामुळे गर्दीच्या दृश्यात चार ओळी डब करणाऱ्यानेही श्रेयाचं कलम मागून घ्यावं.

एवढं सगळं दोन पानांत मावतं. सही नसलेल्या कागदावर हक्क हस्तांतरित होत नाहीत, म्हणून व्हॉट्सअॅपवरच्या ‘ओके’वर थांबू नका, माइकसमोर बसण्याआधी सह्या करा आणि एकेक प्रत दोघांकडे ठेवा.