‘अपंग’ ते ‘दिव्यांग’: आदराचे शब्द का बदलतात?

सरकारी कागदांवर पूर्वी ‘अपंग’ असे, आता ‘दिव्यांग’ असते. ‘म्हातारा’, ‘वृद्ध’ यांच्या जागी ‘ज्येष्ठ नागरिक’ आले. हे बदल का होतात?

‘दिव्यांग’ कुठून आला?
डिसेंबर २०१५ मध्ये ‘मन की बात’मधून पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ‘विकलांग’ऐवजी हा शब्द सुचवला. पुढे केंद्रातील संबंधित विभागाच्या हिंदी नावातही तो आला. महाराष्ट्रात २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन झाला.

आक्षेप काय?
अपंगत्व ही काही दैवी देणगी नाही, असे अपंगांच्या काही संघटनांचे म्हणणे आहे. रॅम्प नसेल तर व्हीलचेअर दारातच अडते, मग नाव काहीही द्या. ‘डिफरन्टली एबल्ड’वरही हाच आक्षेप आहे: शब्द गोड, पण अडचण झाकणारा. संयुक्त राष्ट्रांच्या समितीनेही २०१९ मध्ये ‘दिव्यांगजन’ हा शब्द वादग्रस्त असल्याचे नोंदवले.

शब्द का झिजतात?
नवा शब्द आदरासाठी येतो. लोकांची नजर तीच राहिली, तर तोही टोमण्यासाठी वापरला जातो आणि पुन्हा नवा शोधावा लागतो. अभ्यासक स्टीव्हन पिंकर याला ‘युफेमिझम ट्रेडमिल’ म्हणतात. ‘ज्येष्ठ नागरिक’ला मात्र कायद्याचा आधार आहे. २००७ च्या कायद्यानुसार ६० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाचा भारतीय नागरिक ज्येष्ठ ठरतो. त्यात क्षमतेवर शेरा नाही.

मग काय म्हणावे?
अर्जावर कायद्यातला शब्द लिहावा. एरवी नावाने हाक मारावी. अपंगत्वाचा उल्लेख गरजेचा असेल, तर कोणता शब्द चालेल हे त्या व्यक्तीलाच विचारावे.