सोलापुरातला स्लॅब रात्री का तापतो? टाइम लॅग आणि डिक्रिमेंट फॅक्टर

मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशीपार असतो. सूर्य मावळला, बाहेर जरा बरं वाटायला लागलं, तरी स्लॅबच्या घरात रात्री दहालाही छतातून धग येते. जुन्या माळवदाच्या घरात तसं होत नाही. दोन्ही छतं जडच, मग फरक कुठला?

छताच्या वरच्या पृष्ठभागाचं तापमान दिवसभरात वर-खाली होतं. ही लाट आत पोचायला जितके तास लागतात तो टाइम लॅग. आत पोचताना तिची उंची जितकी उरते ते प्रमाण म्हणजे डिक्रिमेंट फॅक्टर. छत एकाच पदार्थाचं आणि पुरेसं जाड आहे असं धरलं, तर:

```
φ = (L/2)·√(P/(π·α))
f = exp(-2πφ/P)
```

L जाडी, P म्हणजे २४ तास (पहिल्या सूत्रात सेकंदांत घ्या) आणि α म्हणजे पदार्थाची उष्मा-विसरणशीलता. दुसरं सूत्र नीट बघा: लॅग वाढला की लाट आपोआप दबते. दोन्ही वेगवेगळे गुण नाहीत.

आता आकडे घालू. काँक्रीटचा α साधारण 7.9×10⁻⁷ m²/s. १५ सेंमी स्लॅबसाठी लॅग येतो जवळपास ४ तास आणि f ०.३६. समजा वरचा पृष्ठभाग दुपारी दीडला ६५ अंशांवर आणि पहाटे २५ वर जातो. सरासरी ४५, चढउतार ±२०. खाली उरतो ±७, आणि त्याचा कळस साडेपाचला. पण खरी गंमत पुढे आहे. कळसानंतर चार तासांनी, म्हणजे साडेनऊला, सरासरीवरची निम्मी वाढ अजून शिल्लक असते. ती संपते साडेअकराला. आपण अंथरूण टाकतो नेमके तेव्हाच! म्हणून ‘लॅग चारच तास’ म्हणून निर्धास्त होऊ नये.

माळवदात फूटभर माती धरा, α सुमारे 3.6×10⁻⁷. लॅग साडेअकरा तास, f फक्त ०.०५. ±२० चे उरले ±१. इथे कळस मध्यरात्रीनंतर येतो, पण तो कुणाला जाणवणार? मोजायलासुद्धा अवघड; दार उघडलं, पंखा लावला, की तेवढा फरक त्यातच बुडतो. त्यामुळे f इतका लहान असताना मोजलेल्या लॅगवर फार विश्वास ठेवू नका.

स्लॅब अशा मधल्या जाडीचा आहे की लाट उशिरा येते, पण पुरेशी दबत नाही.

आणखी एक गोष्ट हमखास निसटते. f फक्त चढउतार कमी करतो, सरासरीला हात लावत नाही. ती ४५ खाली आणायची तर वरून चुना मारून ऊन परतवावं लागतं. त्याने चढउतारही घटतो.

प्रत्यक्षात खोलीची हवा छताची उष्णता घेत असते, त्यामुळे खरं छत या हिशोबापेक्षा थंड निघेल. थर अनेक असतील तर ISO 13786 ची पद्धत वापरा. मात्र तिथला डिक्रिमेंट फॅक्टर तापमानांचं नव्हे, उष्णता-प्रवाहांचं गुणोत्तर आहे. दोन पेपरमधले आकडे शेजारी मांडण्याआधी कुणी कुठली व्याख्या घेतली ते आधी तपासा.