काचेच्या बांगडीतला रंग आणि तिचा सोनेरी काठ

दुकानात खिडकीसमोर धरलेली हिरवी बांगडी फिकी, पोपटी दिसते. तीच डझनभर हातात भरली की गर्द होते. याचं कारण उजेडाच्या वाटेत आहे. खिडकीसमोर उजेड काचेतून एकदाच जातो आणि थेट डोळ्यांत येतो. हातावर तो काचेतून आत शिरतो, कातडीवर आपटतो आणि परतताना पुन्हा काचेतूनच येतो. समजा, एक काच तिच्यावर पडलेल्यातला ऐंशी टक्के उजेड पुढे जाऊ देते. मग दोनदा पार होताना चौसष्ट टक्केच उरेल. शेजारच्या बांगडीतून तिरपा येणारा उजेड त्याहूनही गाळलेला असतो. म्हणून चुडा घेताना रंग मनगटावर ठेवूनच पाहावा, आणि एक नाही, निदान चार एकत्र.

हे सगळं घडतं ते रंग काचेच्या अंगातच असेल तर. उत्तर प्रदेशात आग्र्याजवळच्या फिरोजाबादला, जिथून आपल्या कासारांकडे बहुतेक माल येतो, वाळू, सोडा आणि चुना भट्टीत वितळवून काच करतात आणि रंग देणारी द्रव्यं त्या मिश्रणातच घालतात. क्रोमियमने हिरवी होते, तांब्याने निळसर, कोबाल्टने गडद निळी. कोबाल्ट इतका जोरकस, की ग्रॅमभर ऑक्साइडसुद्धा किलोभर काचेला पुरतो. लाल सगळ्यांत अवघड. सेलेनियम आणि कॅडमियमची काच आधी पिवळट असते, पुन्हा तापवल्यावर लाल चढते, आणि ताप कमी-जास्त झाला की छटा बदलते. लाल बांगड्यांच्या एकाच डझनात दोन छटा निघतात त्या बहुधा यामुळेच. स्वस्त मालात मात्र कोऱ्या काचेवर वरून रंग फासलेला असतो. तुटलेल्या तुकड्याचं टोक पाहा: आतपर्यंत रंग असेल तर काच रंगीत, पांढरं दिसलं तर लेप.

काचेचा गरम गोळा सळईच्या टोकावर घेऊन त्याची तार फिरत्या बेलनावर गुंडाळतात. स्प्रिंगसारखं वेटोळं तयार होतं. ते उभं कापलं की एकेक कडं सुटं होतं, पण त्याची दोन टोकं वर-खाली असतात, कारण वेटोळं तिरकं चढलेलं असतं. ती टोकं छोट्या आचेवर आधी एका पातळीत आणतात आणि मग जोडतात. पहिल्या कामाला तिथे सधाई म्हणतात, दुसऱ्याला जुडाई. ही कामं बरीचशी घराघरांतून बायका करतात. बांगडीचं आयुष्य या सांध्यावर ठरतं. तो घाईत गार झाला तर काचेत ताण अडकून राहतो, आणि हात जरा टेकला तरी बांगडी नेमकी तिथेच फुटते.

सोनेरी काठ सर्वांत शेवटी येतो. चांगल्या कामात तो खऱ्या सोन्याचा असतो. सोन्याचं संयुग तेलात विरघळवून केलेलं तपकिरी द्रव कुंचल्याने काठावर ओढतात. त्या वेळी सोन्याचा मागमूसही दिसत नाही. मग बांगड्या भट्टीत पाचशे ते सहाशे अंशांच्या आसपास तापतात. तेल जळून जातं आणि सोन्याचा अतिशय पातळ पापुद्रा काचेला घट्ट चिकटतो. ही पकाई म्हणजे कसोटीचं काम, कारण काच मऊ व्हायलाही जवळपास तिथूनच सुरुवात होते. ताप कमी पडला तर सोनं नखाने निघतं. जास्त झाला तर झळाळी मरते आणि बांगडी लंबगोल होते.

या पापुद्र्यातून उजेड जवळजवळ जातच नाही, आणि चुड्यात त्याचं खरं काम तेच आहे. सोनेरी काठ नसलेल्या लाल आणि हिरव्या बांगड्या चिकटून बसल्या की एकीचा उजेड दुसरीत मिसळतो आणि मधला भाग काळपट दिसतो. काठ असला की दोन रंगांच्या मध्ये एक चकाकती रेघ पडते आणि प्रत्येक रंग आपापल्या जागी राहतो. म्हणून मिश्र रंगांच्या संचात काठाच्या बांगड्या घ्याव्यात. एकाच रंगाच्या गर्द चुड्यासाठी सगळ्यांना काठ हवाच असं नाही. दोन्ही टोकांना एकेक असली तरी पुरते.

घेताना माप नीट समजून घ्या. दोन-चार म्हणजे दोन इंच आणि वर चार सोळांश, म्हणजे आतला व्यास सव्वादोन इंच. म्हणून दोन-दहा ही दोन-आठपेक्षा मोठी. मग बांगडी सपाट काचेवर ठेवून बोटाने दाबा. एक बाजू उचलली गेली तर सधाई कच्ची आहे. अशी एक बांगडी संचात असली तर तिच्या दोन्ही बाजूंना फट राहते आणि सततच्या घासण्याने शेजारणीचं सोनं आधी उडतं.