मागे राहिलेल्या खात्यांचे काम

बँकेतून क्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला काय व्यवसाय करावा असे विचारले, की विम्याची एजन्सी, झेरॉक्सचे दुकान किंवा एखाद्या संस्थेत अर्धवेळ हिशेबनीस, अशी उत्तरे येतात. यातल्या एकाही कामात त्याच्या तीस-पस्तीस वर्षांच्या अनुभवाचे चीज होत नाही. मला त्याच्यासाठी एक वेगळे काम सुचवायचे आहे. घरातला कमावता माणूस गेल्यावर त्याची खाती, ठेवी आणि विम्याचे दावे मार्गी लावायला त्या कुटुंबाला मदत करायची, आणि त्याचे ठरलेले शुल्क घ्यायचे. या कामात पैसा उशिरा सुटतो, खेपा घालाव्या लागतात आणि एखाद्या अक्षराच्या फरकामुळे अर्ज परत येतो. पोट त्यावरच अवलंबून असलेल्या माणसाला हे परवडत नाही. पेन्शन चालू असलेल्याला परवडते.

एक नमुना घेऊ. महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातला कर्मचारी बावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेला. मागे पत्नी, एक मुलगा आणि लग्न झालेली मुलगी. पगाराचे खाते राष्ट्रीयीकृत बँकेत, नॉमिनी पत्नी. गावातल्या नागरी सहकारी बँकेत 4 लाख 20 हजारांची मुदत ठेव, तिला नॉमिनी नाही. घरात एक प्लास्टिकची पिशवी, तिच्यात सगळे कागद.

पहिल्या बैठकीत अर्ज भरायचा नाही. पासबुक वाचायचे. निदान दोन वर्षांच्या नोंदी ओळीओळीने पाहायच्या. मे महिन्यात 436 रुपये वजा झालेले दिसले आणि समोर `PMJJBY` छापलेले असले, तर या माणसाचा प्रधानमंत्री जीवन ज्योती योजनेत 2 लाखांचा विमा आहे. पन्नाशीपर्यंत घेतलेला हा विमा दरवर्षी हप्ता भरत राहिल्यास पंचावन्नपर्यंत चालतो, त्यामुळे बावन्नाव्या वर्षी तो लागू आहे. अनेक घरांत ही गोष्ट कोणालाच माहीत नसते, कारण खाते उघडताना केलेली ती एक सही होती. शेजारी 20 रुपयांची नोंद असेल तर ती सुरक्षा विमा योजनेची. ती फक्त अपघातासाठी असल्याने इथे काही मिळणार नाही, हेही त्या बाईंना स्पष्ट सांगायला हवे. याच नोंदींत दुसऱ्या विम्याचे हप्ते, पतसंस्थेची वर्गणी, एखाद्या कंपनीचा लाभांश सापडतो. मृत व्यक्ती प्राप्तिकराचे विवरणपत्र भरत असेल, तर वार्षिक माहिती विवरणात कोणत्या बँकेने व्याज दिले ते दिसते. दहा वर्षे हात न लागलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होतात. त्या शोधायला udgam.rbi.org.in हे पोर्टल आहे. रक्कम निधीत गेली तरी मागणी मूळ बँकेतच करायची असते.

यादी झाली की दाव्यांचा क्रम ठरवायचा. आधी जीवन ज्योतीचा, कारण तो लवकर दाखल केलेला बरा. मग पगाराचे खाते. तिथे नॉमिनी असल्याने दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीची ओळख पटवणारे कागद एवढे पुरतात. नॉमिनी असताना बँकेने वारसा प्रमाणपत्र किंवा हमीपत्र मागायचे नाही. खिडकीवरच्या नव्या मुलाला हे ठाऊक नसेल, तर नियम शांतपणे दाखवता येणारा माणूस सोबत असणे हाच इथे फरक. आणि कुटुंबाला पहिल्याच दिवशी बजावायचे, की गेलेल्या माणसाचे एटीएम कार्ड वापरून पैसे काढू नका. पुढे वारसांत वाद झाला तर तीच नोंद अंगाशी येते.

सहकारी बँकेतली ठेव अवघड. रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या निर्देशांनुसार नॉमिनी नसलेल्या खात्यांचे दावे सहकारी बँकेत 5 लाखांपर्यंत आणि इतर बँकांत 15 लाखांपर्यंत सोप्या पद्धतीने निकाली काढायचे आहेत. म्हणजे न्यायालयाच्या वारसा प्रमाणपत्राऐवजी अर्ज, हमीपत्र, वारसांविषयीचा दाखला किंवा घोषणापत्र आणि इतर वारसांची ना हरकत. आपली ठेव या मर्यादेत बसते. मुलगी सासरी असली तरी ती वारस आहे, तिची सही लागणारच. अडचण वेगळीच निघते. ठेवीच्या पावतीवर नाव ‘दत्ता बाबू’, मृत्यूच्या दाखल्यावर ‘दत्तात्रय बाबूराव’. असा अर्ज तसाच दिला तर तो परत येणार. म्हणून आधी बँकेकडच्या केवायसीत पॅन आणि आधारवरचे नाव काय आहे ते विचारायचे. तिथे मेळ बसला नाही तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करून ते अर्जासोबतच जोडायचे.

कागदांचा संच पहिल्याच खेपेत पूर्ण करण्याला कारण आहे. दावा 15 दिवसांत निकाली काढायची बँकेवरची मुदत सुरू होते ती सगळे कागद पोचल्यावर. एक कागद कमी असेल तर मुदत सुरूच होत नाही. त्यामुळे अर्जाची दुसरी प्रत न्यायची, तिच्यावर जोडलेल्या कागदांची यादी लिहायची आणि आवक शिक्का, तारीख, सही असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीपासून हलायचे नाही. तक्रार करायची वेळ आलीच, तर cms.rbi.org.in वर तीच पोच कामी येते.

आता जे करायचे नाही ते. मूळ कागद आपल्या घरी ठेवायचे नाहीत. कोणाचा ओटीपी विचारायचा नाही आणि पैसे आपल्या खात्यातून फिरवायचे नाहीत. जामीन म्हणून कुठे सही करायची नाही. आलेले पैसे कुठे गुंतवू असे विचारले तर थांबायचे, कारण गुंतवणुकीचा सल्ला फी घेऊन देण्यासाठी सेबीची नोंदणी लागते. भावंडांत वाद असेल, मृत्युपत्राला आव्हान असेल किंवा रक्कम मर्यादेपलीकडची असेल, तर ते वकिलाचे काम. नॉमिनी हा मालक नसून विश्वस्त असतो, हे मात्र घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून सांगावे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये शेअर्सबाबतही हेच स्पष्ट केले.

जुने कागदी शेअर हा या कामाचा पुढचा टप्पा. सलग सात वर्षे लाभांश उचलला नाही तर शेअरच सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे जातात. ते परत आणायला आधी कंपनीकडे कागदपत्रे द्यावी लागतात, मग IEPF-5 हा अर्ज. यात महिनोन्‌महिने जातात. इथे रकमेच्या टक्केवारीवर कमिशन मागणारे बरेच आहेत. विधवा बाईच्या दोन लाखांतला वाटा मागणे मला पटत नाही. पहिल्या बैठकीचे 500 आणि प्रत्येक दाव्याचे 1500 ते 2500 रुपये, आधी लिहून दिलेले, हा मला रास्त हिशेब वाटतो. दाव्याचा खर्च वेगळा आणि पावतीसह. महिन्याला तीन-चार कुटुंबांहून जास्त घेऊ नयेत, नाहीतर पाठपुरावा सुटतो.

सुरुवातीला दुकान लागत नाही. टेबल, दोन फायली आणि एक नोंदवही पुरते. उत्पन्न आयकरात दाखवावे लागते. पेन्शनसोबत हे उत्पन्न आले की आयटीआर-1 चालत नाही. अंदाजित नफ्याची सवलत घेतली तर आयटीआर-4 भरायचा. वर्षाला 20 लाखांच्या आत जीएसटीची नोंदणी लागत नाही.

पहिली कामे हाउसिंग सोसायटीतून आणि ज्येष्ठ नागरिक संघातून येतात, आणि ती बहुधा जिवंत माणसांचीच असतात. 1 नोव्हेंबर 2025 पासून ठेवीला चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात आणि प्रत्येकाचा वाटा ठरवता येतो. घरोघरी जाऊन पासबुकावर नॉमिनीची नोंद आहे का ते तपासायचे, नसेल तर अर्ज भरून द्यायचा, आणि सगळी खाती, लॉकर, विमे एका कागदावर लिहून त्याची एक प्रत मुलांकडे ठेवायला सांगायचे. या तासाभराच्या कामाला 300 रुपये घ्यावेत.