ए-फोर कागद इंचांत सांगताना

अमेरिकेतल्या एखाद्या महाराष्ट्र मंडळाची स्मरणिका पुण्यात मांडली जाते आणि छपाई तिकडच्या छापखान्यात होते. फाइल पाठवायची वेळ आली की तिकडून पहिला प्रश्न येतो तो मापाचा : पान किती इंचांचं? इथल्या मांडणीकारानं सगळं काम ए-फोरवर केलेलं असतं, म्हणजे २१० गुणिले २९७ मिलिमीटर. आता हे इंचांत सांगायचं.

हिशेब सोपा आहे. एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर. हा आकडा अंदाजाचा नाही. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांनी तो १९५९मध्ये एकमतानं ठरवून घेतला. त्यामुळे रूपांतरात काही चुकलं तर ती चूक आपण आकडा तोडताना केलेली असते. २१०ला २५.४नं भागलं की ८.२६७७ येतात आणि २९७ला भागलं की ११.६९२९. यांतला एकही आकडा सुबक नाही, कारण ए-फोरचा इंचाशी संबंधच नाही. १९२२मध्ये जर्मनीत ही मापं ठरली, तेव्हा सुरुवात एक चौरस मीटरच्या ताव्यापासून झाली आणि बाजूंचं प्रमाण असं धरलं की ताव मधोमध दुमडला तरी तेच राहावं. तो ताव चारदा दुमडला की ए-फोर मिळतो.

आता हा आकडा तोडायचा कुठे? दशांशानंतर दोन अंक ठेवले तर ८.२७ गुणिले ११.६९ होतात. उलट फिरवून पाहिलं तर २१०.०६ आणि २९६.९३ मिलिमीटर येतात. कटिंग मशीनच्या पात्याची चूकच याहून मोठी असते, म्हणून दोन अंक पुरतात. पण बऱ्याच ठिकाणी ८.३ गुणिले ११.७ असंही लिहिलेलं सापडतं. एका सुट्या पानाला तेही चालून जाईल. मात्र मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ मिळून एक सलग पान होतं तिथे ८.३ची दुप्पट १६.६ धरली, तर रुंदी ४२१.६ मिलिमीटर होते, आणि हवी असते ४२०. दीड मिलिमीटरचा हा फरक घडीच्या जागी डोळ्यांत भरतो. म्हणून बेरीज, दुप्पट, कणा, सगळं आधी मिलिमीटरमध्ये करावं, भागाकार अगदी शेवटी एकदाच करावा आणि आकडा तेव्हाच तोडावा.

अमेरिकी छापखान्यात दशांशापेक्षा अपूर्णांक जास्त बोलले जातात. ए-फोरला तिथे कुणी ८¼ गुणिले ११¾ म्हणेल. यातली रुंदी अर्ध्या मिलिमीटरनं कमी पडते, पण उंची जवळजवळ दीड मिलिमीटरनं वाढते. अपूर्णांकच हवा असेल तर उंचीला ११ पूर्णांक ११/१६ सांगावं. ते २९६.९ मिलिमीटर भरतं.

खरा गोंधळ होतो तो ब्लीडमुळे. चित्र किंवा रंग पानाच्या कडेपर्यंत न्यायचा असेल तर तो कापण्याच्या रेषेच्या थोडा बाहेर काढून ठेवतात, म्हणजे पातं किंचित सरकलं तरी पांढरी कड दिसत नाही. आपल्याकडे हा जास्तीचा भाग चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ठेवायची पद्धत आहे, अमेरिकेत एक अष्टमांश इंच, म्हणजे ३.१७५ मिलिमीटर. फरक नगण्य वाटतो, पण ३ मिलिमीटर धरून आपलं पान होतं २१६ गुणिले ३०३, इंचांत ८.५० गुणिले ११.९३. आणि ८.५ इंच ही तर अमेरिकेच्या नेहमीच्या कार्यालयीन कागदाची, लेटरची, रुंदी! लेटर असतो ८.५ गुणिले ११. नुसत्या रुंदीवर नजर टाकणारा माणूस ही फाइल लेटरची समजू शकतो. म्हणूनच कापल्यानंतरचं माप आणि ब्लीड ही दोन्ही वेगवेगळी लिहून द्यावीत :

```
Trim size: 8.268 x 11.693 in (A4, 210 x 297 mm)
Bleed: 0.125 in on all four sides
Print at 100%. Do not scale.
```

शेवटची ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ए-फोरची फाइल लेटरवर 'कागदात बसवा' म्हणून छापली की यंत्र ती ९४ टक्क्यांवर आणतं, कारण उंची २९७ची २७९.४ करायची असते. रुंदी मग १९७.५ उरते आणि दोन्ही बाजूंना नऊ-नऊ मिलिमीटरच्या रिकाम्या पट्ट्या दिसतात. बारा पॉइंटचा टाइप सव्वाअकराचा होतो. मराठी मजकुराला हे जास्त जाचतं, कारण आपली वेलांटी आणि रफार शिरोरेघेच्या वर आणि उकार खाली अशा बारीक जागेत बसलेले असतात. याउलट न आक्रसता तसंच लेटरवर मधोमध छापलं, तर वरून आणि खालून प्रत्येकी ८.८ मिलिमीटर कापले जातात. पहिला बळी पानाच्या क्रमांकाचा.

या सगळ्यावरून मला वाटतं की रूपांतर करण्याआधी छापखान्याला एकच गोष्ट विचारावी : तुम्ही खरोखर ए-फोर मापाला कापून देणार आहात की लेटर मापाला? मोठ्या ताव्यावर छापून कापणाऱ्या छापखान्याला ए-फोर अवघड नसतं. तयार कापलेल्या कागदावर डिजिटल छपाई करणाऱ्याकडे मात्र लेटरच असण्याचा संभव जास्त. उत्तर लेटर आलं तर इंचांचा हिशेब बाजूला ठेवून मांडणी नव्यानंच करावी लागते. त्याची किंमत किती, ते एका उदाहरणावरून पाहू.

समजा स्मरणिका ६४ पानांची आहे आणि पानाला ४२ ओळी आहेत, ओळींमधलं अंतर १६ पॉइंट. लेटरची उंची १७.६ मिलिमीटरनं, म्हणजे जवळपास ५० पॉइंटनं कमी. पानामागे तीन ओळी गेल्या. पण लेटर ५.९ मिलिमीटर रुंदही आहे. मजकुराची रुंदी १७० मिलिमीटर असेल तर ओळ साडेतीन टक्क्यांनी लांब होते आणि ३९ ओळींत जुन्या चाळीस-साडेचाळीस ओळींचा मजकूर मावतो. म्हणजे निव्वळ तोटा पानाला दीड-पावणेदोन ओळींचा. सबंध अंकात तो अडीच पानं भरतो. मध्ये पिन मारून बांधायच्या अंकाची पानं चारच्या पटीत लागतात, तेव्हा अंक ६८ पानांचा होतो आणि दराचा आकडा बदलतो. हे छपाईचा दर मागण्याआधी कळलेलं बरं.

फाइल पाठवण्यापूर्वी पानाचं माप पाहून घ्यावं. अ‍ॅक्रोबॅटमध्ये पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्याकडे माउस नेला की माप दिसतं. ब्लीड नसलेल्या ए-फोरला तिथे 8.27 x 11.69 in यायला हवं. मापाची सेटिंग पॉइंटमध्ये असेल तर साधारण ५९५ गुणिले ८४२ दिसतं. लेटरचे पॉइंट ६१२ गुणिले ७९२ असतात. हे आकडे दिसले तर फाइल वाटेत कुणीतरी बदलली आहे.

आणि प्रूफसाठी आतल्या एखाद्या पानावर बरोबर १०० मिलिमीटरची एक बारीक रेघ काढून द्यावी, छपाईआधी काढून टाकण्यासाठी. कागदावरचं प्रूफ मंडळाच्या माणसाच्या हाती आलं की त्यानं त्या रेघेवर साधी पट्टी ठेवायची. पट्टीवर ९४ आले तर यंत्रानं पान आक्रसलं आहे आणि छपाई तिथेच थांबवायला सांगायची. १०० आले तर मग पानाच्या चारही कडा मोजायच्या, आधी उंची, कारण ए-फोर आणि लेटर यांतला मोठा फरक तिथेच असतो.