सहा मे की पाच जून?

दुपारी १२:४०
वाकडहून शेअर रिक्षाने हिंजवडी, वीस रुपये. दारात कार्ड लावायचं, फोन लॉकरमध्ये ठेवायचा, मग आत. इथे परदेशी कंपनीची बिलं नोंदवली जातात. जिचं काम मला आज बघायचंय, ती तरुणी तीन वर्षं याच टेबलावर आहे. हातात सत्तावीस हजार पडतात, त्यातले आठ हजार पीजीला जातात. शिफ्ट एक ते दहा. आपल्याकडे दीड वाजतो तेव्हा उन्हाळ्यातल्या इंग्लंडमध्ये नऊ वाजलेले असतात.

दुपारी १:०५
आज मंगळवार, १७ जून २०२५. रांगेत शहाऐंशी बिलं. पुरवठादार पीडीएफ मेल करतो, एक सॉफ्टवेअर ते वाचून नंबर, रक्कम आणि तारीख उचलतं. त्याला जे जुळवता येत नाही ते हिच्याकडे येतं. डाव्या स्क्रीनवर बिल, उजवीकडे फॉर्म. तासाला चौदा बिलांचं टार्गेट. माऊसखाली मनगटाला टेकू म्हणून घडी घातलेला रुमाल.

दुपारी १:३०
जर्मन बिलं भराभर जातात. मध्ये टिंबं, दिवस आधी. जपानी बिलावर वर्ष आधी, म्हणून मागून महिना आणि दिवसच येणार. त्रास तिरक्या रेघेचा. अमेरिकन महिना आधी लिहितात, ब्रिटिश दिवस आधी, आणि रेघ दोघांची एकच.

05/22/2025 असेल तर चिंता नाही. बावीस नावाचा महिना नाही. घोटाळा होतो तो दिवस बारापर्यंतचा असला की. बारा महिन्यांचे पहिले बारा दिवस म्हणजे १४४ तारखा. त्यातल्या ५/५, ६/६ अशा बारा दोन्हीकडून सारख्याच. उरल्या १३२. वर्षातल्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त तारखा दोन्ही तऱ्हांनी खऱ्या वाटतात.

सॉफ्टवेअर प्रत्येक चौकटीपुढे खात्रीचा आकडा दाखवतं. तारखेपुढे ९९. तो आकडा फक्त अंक नीट वाचल्याचा आहे. सहा आधी छापलाय, मग पाच, एवढंच तो सांगतो. त्यातला महिना कोणता, हे त्याला विचारलेलंच नसतं.

दुपारी २:५०
टोरांटोचं बिल. कॅनडात दोन्ही पद्धती चालतात, त्यामुळे देशावरून काही ठरत नाही. तारीख 06/04/2025, देय तारीख 07/04/2025, अट ‘Net 30’. ती बोट स्क्रीनला जवळजवळ टेकवते. दिवस आधी धरला तर सहा एप्रिल ते सात एप्रिल. एका दिवसात पैसे? महिना आधी धरला तर चार जून ते चार जुलै, बरोबर तीस दिवस. झालं. वीस सेकंदही लागली नाहीत. बिलावरची दुसरी तारीख हा सगळ्यात भरवशाचा साक्षीदार, चलन नव्हे. डॉलरमधली बिलं चीनमधूनही येतात.

दुपारी ४:१०
चहा, बारा रुपये. पाय मोकळे करायला जिन्याने खाली आणि वर.

दुपारी ४:२५
पलीकडच्या टेबलावरचा नवा मुलगा येतो. ‘‘ताई, हे बिल मुदत संपलेलं दाखवतंय. आजच्या पेमेंटमध्ये चाललंय. सोडू ना?’’

बर्मिंगहॅमचा पत्ता, रक्कम पौंडात, माल बेअरिंगचा. तारीख 06/05/2025. अट तीस दिवसांची, पण देय तारीख छापलेली नाही. यंत्रणेने पत्ता पाहून ब्रिटिश पद्धत लावली : सहा मे. त्यावर तीस दिवस, पाच जून. म्हणजे आज बारा दिवस उशीर.

‘‘थांब,’’ ती म्हणते. ‘‘मागची बिलं काढ.’’

मला तिचं इथलं काम सगळ्यात आवडलं. ती या बिलाकडे बघतच नाही. त्याच पुरवठादाराचं असं जुनं बिल शोधते, ज्यात बारापेक्षा मोठा आकडा आहे. सापडतं. नंबर ४४७१, तारीख 05/22/2025. पत्ता बर्मिंगहॅमचा, पण महिना आधी. कंपनीचं मुख्य ऑफिस अमेरिकेत ओहायोला आहे, बिलं तिथल्या यंत्रणेत तयार होतात.

आजच्या बिलाचा नंबर ४४९८. बावीस मेच्या बिलानंतरचं बिल सहा मेचं कसं असेल? तिला आणखी एक पुरावा हवा. मालाची आवक नोंद उघडते. माल चार जूनला निघालाय. माल निघायच्या महिनाभर आधी हे लोक बिल करत नाहीत. म्हणजे पाच जून. पैसे द्यायचे पाच जुलैला. आज गेले असते तर अठरा दिवस आधीच गेले असते.

ती बिल रोखून ठेवते.

संध्याकाळी ५:००
मुलगा विचारतो, ‘‘मग ४४७१ कसं बरोबर नोंदलं गेलं?’’

उत्तर त्या बिलाच्या इतिहासात आहे. यंत्रणेने बाविसावा महिना शोधला, मिळाला नाही, बिल अडलं. कुणीतरी हाताने २२ मे टाकलं आणि पुढे गेलं. नियम तसाच राहिला. तेरापासून पुढच्या तारखा अडतात म्हणून दिसतात. बारापर्यंतच्या आवाज न करता आत जातात. या खात्यात अडलेलं प्रत्येक बिल हा इशारा होता, आणि टार्गेटच्या घाईत प्रत्येक वेळी तेवढं एकच बिल दुरुस्त झालं. तासाला चौदा बिलं मोजणाऱ्या हाताला मागे वळून बघायला वेळ कुठून मिळणार?

संध्याकाळी ५:१५
बर्मिंगहॅमला मेल. ‘Please confirm invoice date: 5 June 2025’. महिना ती कायम अक्षरात लिहिते. सोबत खात्याचा उतारा मागवते.

संध्याकाळी ६:४०
होकार येतो, उतारा सीएसव्ही फाइलमध्ये. मुलगा डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडतो. ती त्याला तारखांचा रकाना दाखवते. काही तारखा उजवीकडे सरकल्यात, काही डावीकडे चिकटल्यात. मशीनवर भारतीय तारीखपद्धत आहे. 05/22/2025 एक्सेलला तारीख वाटली नाही, म्हणून ती मजकूर म्हणून डावीकडे राहिली. 06/05/2025 त्याने सहा मे करून उजवीकडे बसवली. रकान्यात डावे-उजवे दोन्ही दिसले की ओळखायचं, उजवीकडच्या उलटल्यात.

फाइल न साठवता बंद करायची. मग ‘Text Import Wizard’ मधून त्या रकान्याला ‘MDY’ सांगून उघडायची. मुलगा दोनदा करून बघतो.

रात्री ७:३०
डब्यातली पोळी आणि मटकीची उसळ. वीस मिनिटं. मग डोळ्यांत थेंब.

रात्री ८:००
आता मागचं खणायचं. या शाखेची जानेवारीपासूनची बिलं, त्यातली फक्त बारापर्यंतच्या दिवसांची. नऊ निघतात. उताऱ्याशी एकेक लावून बघते. 04/03/2025 हे बिल चार मार्च म्हणून नोंदलंय, होतं तीन एप्रिलचं. पैसे महिनाभर आधीच गेले. एक मात्र हादरवणारं : 02/01/2025. आधी दोन जानेवारी म्हणून नोंदलं. पुरवठादाराने तीच प्रत पुन्हा पाठवल्यावर कुणीतरी हाताने बरोबर तारीख टाकली, एक फेब्रुवारी. दुबार तपासणी नंबर आणि तारीख दोन्ही जुळल्यावरच ओरडते. तारीख जुळली नाही. एकाच मालाचे पैसे दोनदा गेले.

ती टीम लीडरना बोलावते. ‘‘मॅडम, हे वसूल करावं लागेल.’’ त्या खुर्ची ओढून बसतात, दोन्ही नोंदी शेजारी ठेवून बघतात. पुढच्या बिलातून रक्कम वळती करायचं ठरतं.

रात्री ९:२०
पुरवठादाराच्या नोंदीत तारीखपद्धतीची चौकट असते. तिथे ‘DMY’ काढून ‘MDY’. फक्त याच शाखेला. सगळ्या ब्रिटिश पुरवठादारांना लावलं तर उद्या उलट्या दिशेने हाच गोंधळ. मग ४४९८ मोकळं करते : ५ जून, देय ५ जुलै.

रात्री ९:५०
दिवसाचा हिशेब : एकाहत्तर बिलं. टार्गेट हुकलं. कारणाच्या रकान्यात ती लिहिते, ‘तारीख तपासणी, नऊ बिलं, एक दुबार’. पंधरा बिलं उद्यावर. त्यातलं पहिलं मनिलाचं, तारीख 07/06/2025. ती त्यावर खूण करते : आधी जुनी बिलं बघणे.